सातवं सहपत्र

सहा सहपत्रं पुरेशी होती. मी सातवं जोडलं.

सहपत्र म्हणजे सरकारी उत्तरामागे टाचून द्यायचा पुरावा. एवढ्याशा कागदाने काय बिघडणार, असं कोणालाही वाटेल. मी आयुष्यात मूर्खपणा काही कमी केलेला नाही. स्वतःच्या लग्नात जेवणार नाही म्हणून रुसून बसले, कोणी विचारायलाच आलं नाही, तेव्हा आपणच उठून चार जिलब्या खाल्ल्या. असलं सगळं मी नातवंडांना तिखटमीठ लावून सांगते आणि ती खिदळतात. सातव्या सहपत्राचं मात्र त्यांना कधी सांगितलं नाही. त्यात हसण्याजोगी फक्त मी आहे, आणि तीही फार वेळ नाही.

मी अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका होते, वाशीम जिल्ह्यातल्या एका तालुक्यात. कोणत्या, ते राहू द्या. माझ्याकडे पंचवीसेक गावांतल्या अंगणवाड्या. एसटीने, जीपने, नाहीतर नवऱ्याच्या मोटरसायकलवर मागे बसून फिरायचं, वजनं बघायची, वह्या तपासायच्या, सह्या करायच्या. वय चौपन्न. निवृत्तीला चार वर्षं उरलेली. त्या बाईकडे आज वळून पाहिलं तर आठवतं ते असं : केसांना मेंदी, पर्सला तीन चेनी, आणि तोंडाला एकही नाही.

प्रकल्प कार्यालयातल्या मासिक बैठकीत हे सुरू झालं. आमचे प्रकल्प अधिकारी पस्तिशीचे, परीक्षा देऊन थेट साहेब झालेले. माणूस वाईट नव्हता. पण वरून फोन आला की त्याच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या, आणि त्या दिवशी त्या लालच होत्या. जिल्ह्याच्या ठिकाणी कोणातरी मोठ्या माणसाचा महिला मेळावा होता.

"प्रत्येक पर्यवेक्षिकेने साठ महिला आणायच्या," साहेब म्हणाले. "सेविका, मदतनीस, गावातल्या बायका. साड्या एका रंगाच्या. बस सकाळी आठला येईल."

मी म्हणाले, "साहेब, त्या दिवशी माझ्याकडे लसीकरणाचं सत्र आहे. नर्सबाई यायच्या आहेत. सेविकाच मेळाव्याला गेल्या, तर लेकरं घरून गोळा करून कोण आणेल?"

"सत्र पुढे ढकला."

"ते आरोग्य खात्याचं आहे. मी कसं ढकलू?"

"मॅडम, मला साठ महिला पाहिजेत. बाकी मला माहीत नाही."

इथे गप्प बसायला हवं होतं. बाजूच्या पर्यवेक्षिकेने माझा पदरसुद्धा ओढला. पण मला सुचलं होतं, आणि सुचलेलं पोटात ठेवणं हा गुण आमच्या घराण्यात नाही. मी म्हणाले, "नुसत्या खुर्च्याच भरायच्या असतील साहेब, तर कपड्याच्या दुकानातल्या बाहुल्या आणा. साड्या नेसलेल्याच असतात, आणि भाषण संपेपर्यंत उठत नाहीत."

सगळ्या हसल्या. शिपाईही हसला. साहेब हसले नाहीत. त्या हसण्याची किंमत मला तेव्हा कळली नाही. मी तर घरी येऊन ते वाक्य नवऱ्याला दोनदा ऐकवलं.

मेळाव्याच्या दिवशी मी ठरल्याप्रमाणे सत्राच्या गावी गेले. तिथली सेविका तिशीची. घरचं भाजीपाल्याचं वावर, विहिरीवर मेथी, वांगी, कोथिंबीर. लग्न होऊन आली तेव्हा दहावी झालेली. सासूने नको म्हटलं तरी बारावीचा फॉर्म भरला, पास झाली आणि अंगणवाडीवर लागली. गावात तिला नावाने हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं, सगळ्यांची ती 'बाई' झाली होती. सासूसुद्धा चारचौघांत 'आमच्या बाई' म्हणायची. ते ऐकताना ती खाली मान घालून जे हसायची, ते मला अजून दिसतं.

त्या दिवशी तिने गल्लीगल्लीतून लेकरं आणली. दोन वाजेपर्यंत सत्र चाललं. मग नर्सबाई गेल्यावर ती हळूच म्हणाली, "मॅडम, काल दिवेलागणीले साहेबाचा फोन आलता मले."

"तुले? थेट?"

"व्हय. म्हणे, तुमच्या मॅडम नाही म्हणत असतीन तरी तुमी बाया घेऊन या. नाही आल्या त केंद्राची तपासणी लावतो. मी म्हटलं, साहेब, उद्या सुया हायेत लेकरायच्या. त फोनच ठेवून देला."

मी पर्सच्या तीनपैकी एक चेन उघडून कागद शोधू लागले. "हे मले लिहून दे."

ती घाबरली. "कायले मॅडम? उगी कागद कायले?"

"माह्यापुरतं. कोणाले दाखवत नाही. उद्या काही निघालं तर मले आठवाले पायजे ना, काय काय झालं ते."

"दाखवसान नाही ना?"

"अवो, नाही म्हटलं ना."

मुलांच्या वहीतलं मधलं पान फाडून तिने लिहून दिलं. ठळक, गोल अक्षर, खाली सही, गाव, केंद्र क्रमांक आणि तारीख. मीच तिला शिकवलं होतं की कागदावर तारीख नसेल तर तो कागद नव्हे. शिकवलेलं ती विसरत नसे.

पुढल्या आठवड्यात गुरुवारी मी कार्यालयात गेले, तेव्हा शिपायाने पोचवही पुढे केली. कारणे दाखवा नोटीस. 'बैठकीत दिलेल्या निर्देशांचे आपण हेतुपुरस्सर पालन केले नाही. वरिष्ठांशी उद्धट वर्तन करून त्यांचा अवमान केला. अधिनस्त सेविकांना मेळाव्यास न जाण्यास प्रवृत्त केले. आपले हे कृत्य अवज्ञा असल्याचे सिद्ध होत असून, आपली वार्षिक वेतनवाढ का रोखण्यात येऊ नये, याचा खुलासा चोवीस तासांत सादर करावा.' नोटिशीवर तारीख सोमवारची. म्हणजे कागद माझ्या हाती येण्याच्या दोन दिवस आधीच माझी मुदत संपली होती.

वेतनवाढीपेक्षा सेवापुस्तक डोळ्यांसमोर आलं. तीस वर्षं त्यात काळ्यानिळ्या शाईशिवाय काही नव्हतं. निवृत्तीच्या तोंडावर त्यात शिक्षेची नोंद पडली, तर पुढे जो कोणी ते उघडेल, त्याला आधी तीच दिसेल. तरी एक शहाणपणाची गोष्ट झाली. सही करताना मी खाली लिहिलं : 'प्रत मिळाली, गुरुवार, दुपारी ३.४०.' वाटलं, काय आपलं डोकं! एवढ्याशा यशाने माणूस कसा फुगतो, बघा.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने वाशीम गाठलं. स्टँडपासून दहा मिनिटांवर एक शिवणकामाचं दुकान होतं. मुलगा पुढे मशीन चालवायचा. मागे कापडाच्या गठ्ठ्यांना टेकून त्याचे वडील बसलेले असायचे. सगळ्या जिल्ह्याचे चाचा. आयुष्यभर कचेरीत आस्थापनेच्या टेबलावर बसून निवृत्त झालेले. मास्तर असो, ग्रामसेवक असो, नोटीस आली की माणूस त्यांच्याकडे यायचा. पैसे घेत नसत. चहा मात्र दोनदा पाजावा लागे.

चाचांनी नोटीस वाचली, उलटी करून मागचा कोरा भागही बघितला, आणि म्हणाले, "मॅडम, या कागदाले वाचवायचं का तुमाले?"

"मला वाचवा चाचा, कागदाचं काय!"

"तेच म्हणून राह्यलो. कागदच इतका कच्चा हाये, की आपण नुसता बोट लावू. बसा. चाय बोलवा."

मग मला समजलं, की खुलासा लिहिणंही शिवणकामासारखंच असतं. आधी माप, मग कात्री. चाचा बोलत गेले आणि मी लिहीत गेले. पहिला आक्षेप तारखेचा : सोमवारची नोटीस गुरुवारी, चोवीस तासांची मुदत, ही काही बाजू मांडण्याची वाजवी संधी नव्हे. मग, कोणत्या नियमाखाली नोटीस दिली त्याचा उल्लेख नाही. आरोपाचं विवरण नाही, ज्या अहवालावर आरोप केला त्याची प्रत नाही. 'सिद्ध होत असून' असं आधीच लिहिलं आहे, म्हणजे निकाल अगोदर आणि सुनावणी मागाहून. आणि ज्यांचा अवमान झाला म्हणतात, तेच तक्रारदार, तेच साक्षीदार, तेच शिक्षा सुचवणारे.

"शिक्षा देण्याचा अधिकार साहेबाला आहे का?" मी विचारलं.

"खुलासा कोणीबी मागू शकते. वेतनवाढ रोकायची त जिल्हा परिषदेतून. साहेब फक्त अहवाल पाठवतीन. तेच लिहा, पण नरमाईनं. आणि सगळ्यात शेवटी लिहा, या आक्षेपांस बाध न येता गुणवत्तेवर खुलासा असा. नाहीतर म्हणतीन, बाईपाशी आक्षेपच हायेत, उत्तर नाही."

गुणवत्तेवर उत्तर सोपं होतं. माझ्या महिन्याच्या दौरा कार्यक्रमात त्या तारखेला त्या गावचं लसीकरण सत्र लिहिलेलं होतं, आणि खाली मंजुरीची सही खुद्द साहेबांची. आदेश लेखी नव्हता. लेखी होता तो दौरा. कोणाला अडवलं नाही, सेविका आपल्या केंद्रावर कर्तव्यावर होत्या. अडलं ते बाहुल्यांच्या वाक्यापाशी.

"मी असं बोललेच नाही, असं लिहू?"

चाचांनी चष्मा काढला. "बोलल्या ना?"

"बोलले."

"मग खोटं लिहू नोका. पन्नास लोकं हसले. लिहा, बैठकीच्या कार्यवृत्तात अशा वर्तनाची कोणतीही नोंद नाही. ते खरं हाये. आणि लिहा, अवमानाचा हेतू नव्हता, तसं वाटलं असेल तर दिलगीर आहे."

"दिलगीर?" मला ते फार लागलं.

"मॅडम, एका दिलगीरनं आदमी मरत नाही."

सहपत्रं सहा झाली : नोटिशीची प्रत, पोचवहीतली माझी वेळेसह सही, मंजूर दौरा कार्यक्रम, बैठकीचं कार्यवृत्त, सत्राच्या नोंदवहीचं पान, नर्सबाईंच्या सहीचा अहवाल. चाचांनी कडा जुळवून गठ्ठा ठोकला. तेव्हा मी पर्समधून वहीचं ते पान काढलं.

त्यांनी वाचलं. खालच्या सहीवर आणि केंद्र क्रमांकावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "ही बाई कायम नोकरीत हाये?"

"सेविका आहे. मानधनावर."

"मग हे घडी करून ठेवा. छह काफी है."

"पण चाचा, हे तर सगळ्यात भारी आहे! साहेबांनी स्वतः धमकी दिली!"

"भारी हाये म्हणूनच. तुमची केस सहावर उभी हाये. सातवं तुमाले नाही लागत. मग ते कोणाले लागीन, त्याचा विचार करा."

मी पान पर्समध्ये ठेवलं. चेन लावली. चाचांच्या पायांशी हात नेला, त्यांनी मागे सरकून "अरे अरे" केलं, आणि मी दुपारच्या गाडीने परत आले.

घरी नवऱ्याने खुलासा संगणकावर टाइप करून आणला. नऊ पानं. मी तो वाचला, पुन्हा वाचला. काय भाषा होती! 'नैसर्गिक न्यायतत्त्वाचा भंग', 'सक्षम प्राधिकारी', 'सकृद्दर्शनी'. त्या पन्नाशीतल्या बाईला असं वाटू लागलं की आपण चुकून अंगणवाडीत आलो, खरं तर कोर्टातच जायचं होतं. आणि त्या अप्रतिम खुलाशामागे सहाच कागद? साहेबांच्या कानाच्या पाळ्या ज्याने खरोखर लाल होतील, तो कागद पर्समध्ये? सहा हा आकडा मला अगदी उघडाबोडका वाटू लागला. नवरा म्हणाला, "त्या बाईला कबूल केलंस ना?" मी म्हणाले, "तिचं काय होतंय! उलट तिचं नाव वर जाईल. खरं बोलणारी सेविका म्हणून."

हे मी खरंच म्हणाले. शब्द बदललेला नाही.

सातवं सहपत्र टाचलं. साहेबांच्या कार्यालयात एक प्रत, जिल्हा परिषदेत एक प्रत, दोन्हीकडे आवकचा शिक्का मारून पोच घेतली. शिक्क्याची शाई वाळेपर्यंत फुंकरसुद्धा मारली.

पंधरवड्याने जिल्हा परिषदेतून बोलावणं आलं. महिला व बालकल्याणच्या उपमुख्य कार्यकारी अधिकारी बाई होत्या. थकलेला चेहरा, टेबलावर फायलींचे दोन डोंगर. एका खुर्चीवर साहेब, दुसऱ्या खुर्चीवर मी. बाईंनी पानं उलटली.

"दौरा कार्यक्रमावर सही तुमचीच?" त्यांनी साहेबांना विचारलं.

"हो मॅडम."

"मेळाव्याचा आदेश लेखी दिला होता?"

"बैठकीत तोंडी सांगितलं होतं. सगळ्यांसमोर."

"कार्यवृत्तात आहे?"

साहेबांनी नकारार्थी मान हलवली. खरं तर तिथेच सगळं संपलं होतं. चाचा म्हणाले तसं, केस सहावर उभी राहिली होती. पण बाईंचा हात पुढे सरकला, त्यांनी वहीचं पान उचललं आणि मोठ्याने वाचलं. सगळं. तिचं नाव, गाव, केंद्र क्रमांक, साहेबांचं वाक्य. मी खुर्चीत ताठ बसले होते. आवाज छान होता बाईंचा, आणि प्रत्येक शब्दागणिक मला वाटत होतं, बघा, बघा. तेवढ्यात साहेबांनी खिशातून डायरी काढली. माझ्याकडे पाहिलंही नाही. डायरीत एक ओळ लिहिली, फार तर दोन शब्दांची. एक गावाचं नाव मावेल एवढी.

मी ते पाहिलं. पाहूनही मला काही कळलं नाही, किंवा कळून घ्यायचं नव्हतं.

माझी नोटीस दप्तरी दाखल झाली, म्हणजे मिटली. 'यापुढे बोलताना संयम ठेवावा' अशी तोंडी समज, सेवापुस्तकात अक्षर नाही. मी स्टँडवर अर्धा किलो पेढे घेतले. चाचांना दिले तेव्हा त्यांनी विचारलं, "किती सहपत्रं लावली?" मी पेढ्याचा डबा त्यांच्यापुढे जरा जास्तच सरकवला. त्यांनी पेढा उचलला, पण तोंडात घातला नाही.

त्याच आठवड्यात 'प्रशासकीय सोयीसाठी' माझी गावं बदलली. तिचं गाव दुसऱ्या पर्यवेक्षिकेकडे गेलं. आणि मग एका दुपारी साडेबाराला साहेबांची जीप तिच्या अंगणवाडीपुढे थांबली. केंद्र वेळेच्या वीस मिनिटं आधी बंद झालेलं. आहाराच्या साठ्याच्या वहीत दोन दिवसांची नोंद बाकी. मुलांच्या हजेरीत एक खाडाखोड. खोटं काहीच नव्हतं. असलं माझ्या पंचवीसही गावांत सापडलं असतं. वर्षानुवर्षं मीच 'पूर्ण करून घ्यावे' असं लिहून खाली सही करत आले होते.

तिला नोटीस आली. तिने मला फोन केला. "मॅडम, कागद आला मले. तुमाले आलता तसा."

"घाबरू नोको. मी रविवारी येतो, आपण उत्तर लिहू. तवर कोणाले काही लिहून देऊ नोको. सही करू नोको. आणि कागद वाचून दाखव मले."

तिने वाचला. नोटिशीत नियम होता. तारीख त्याच दिवशीची, मुदत सात दिवसांची. तपासणी अहवालाची प्रत सोबत, पंचनामा सोबत, वहीच्या पानांच्या झेरॉक्स सोबत. 'सिद्ध होत असून' कुठेच नाही. 'प्रथमदर्शनी आढळून येते' असं होतं. आणि सेविकेच्या बाबतीत सक्षम प्राधिकारी खुद्द साहेबच. माझ्या नऊ पानांतला एकेक आक्षेप घेऊन त्यांनी आपली शिवण पक्की केली होती. त्यांना मीच शिकवलं होतं, तारखेसह.

रविवार यायच्या आधी शुक्रवार आला. तिला कार्यालयात बोलावलं. तिथल्या लिपिकाने टाइप केलेला कागद पुढे ठेवला आणि सांगितलं, सही केली की मिटलं, नाहीतर चौकशी लागेल, घरी पोलीस येतील. तिने सही केली. 'वरील त्रुटी मला मान्य असून होणारी कारवाई मान्य राहील.' महिनाभरात तिला कमी केल्याचा आदेश निघाला.

मी तो घेऊन चाचांकडे धावले. त्यांनी आदेश आणि तिची कबुली वाचली. कागदाचा मागचा कोरा भाग मात्र या वेळी बघितला नाही.

"काहीतरी काढा ना चाचा. एखादा आक्षेप."

"कशावर घ्यायचा? मुद्दत देली, कागद देले, कबुली घेतली. वर अपील करून पाहू. लिहितो मी. पण मॅडम, तुमच्या नोटिशीत जे फाटकं होतं, ते साहेबानं या नोटिशीत रफू केलं. कपडा एकच हाये."

अपील केलं. जबरदस्तीने सही घेतली असं लिहिलं, पण लिपिक म्हणाला तिने वाचून केली, आणि तिच्यासोबत कार्यालयात गेलेली मदतनीस काही बोलेना. तिचीही नोकरी होतीच. त्याच थकलेल्या बाईंनी फाइल वाचली. मला एकटीला थांबवून म्हणाल्या, "ते पत्र तुम्ही का जोडलंत? मला नको होतं." मी काय सांगणार? की सहा हा आकडा मला कमी वाटला? अपील फेटाळलं गेलं.

त्यानंतर मी तिच्या गावी गेले नाही. दोनदा निघाले, दोनदा फाट्यावरून परत फिरले. तिने फोन केला नाही, मीही नाही. कोणीतरी सांगितलं, सासू आता तिला पुन्हा नावाने हाक मारते. मग मी निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी शाल, नारळ, एका सहकारिणीचं भाषण : 'आपल्या मॅडमनी कधी अन्याय सहन केला नाही.' टाळ्या. साहेबांची बदली झालेली होती. त्यांनी पुष्पगुच्छ पाठवला.

गेल्या हिवाळ्यात मी आठवडी बाजारात गेले होते. धाकट्या नातीला मेथीचे पराठे हवे होते. ओळीने बसलेल्या बाया, पुढे गोणपाटावर भाजी. एका ढिगापाशी वाकले आणि आधी अक्षर दिसलं. पुठ्ठ्यावर भाव लिहिलेला, ठळक, गोल, आणि कोपऱ्यात तारीख. भाजीच्या भावावर कोण तारीख लिहितं? मी मान वर केली नाही. तिनेच ओळखलं.

"या मॅडम. मेथी पायजे का?"

केस पुढे जरा पांढरे झालेले. हातावर चिखल वाळलेला. मी म्हणाले, "दोन जुड्या दे." मग म्हणाले, "तू मजेत?" मग, मूर्खासारखं, "मी तुझ्याकडे येणार होते." ती जुड्या निवडत होती, पिवळी पानं खुडून बाजूला टाकत होती. तिने "सांभार घ्या" म्हणत कोथिंबिरीची एक जुडी वर ठेवली. मी पैसे काढले तर तिने मेथीचेच घेतले.

मला राहवलं नाही. "माह्याकडून चूक झाली. तुले कबूल केलं होतं. मले वाटलं, ते लावलं तर…" नियम, अधिकारी, सहपत्र असलं काय काय बोलले. मागे गिऱ्हाईक खोळंबलं होतं. तिने ते सगळं ऐकून घेतलं, तराजू खाली ठेवला, माझी पिशवी उघडून धरली आणि म्हणाली :

"तुमच्यापाशी नियम होते, मॅडम. माह्यापाशी तुमीच होत्या. पिशवी नीट धरा, सांभार पडून राह्यला."